जुन्या ध्वनिफितीतील सरसर व घूंघूं : चित्रफितीत घालण्यापूर्वी काय करावे

कुकटपल्लीतील आमच्या शेजारच्या एका कुटुंबाने आपल्या घराण्याची बारा मिनिटांची एक चित्रफीत तयार करावयास घेतली होती. त्यांच्या घरी १९९१ सालची एक कॅसेट जपून ठेवलेली आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील सास्तूर गावाहून आजी त्या साली मुलाकडे राहावयास आल्या होत्या. मुलाने टू-इन-वन यंत्रासमोर त्यांना बसविले, आणि आजींनी गावातील आपली गल्ली घरावार सांगितली : कोणाचा वाडा, कोणाची ओसरी, आड कोठे, चिंच कोठे. पुढे दोन वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला व त्यात सास्तूरची जुनी घरे कोसळली. आजीही आता नाहीत. तेव्हा त्या गल्लीचे वर्णन त्यांच्या तोंडून ऐकावयाचे तर ही एकच कॅसेट उरलेली आहे.

चित्रफितीचे काम घरातील नातवाने, कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने, अंगावर घेतले. कॅसेट संगणकात उतरवून त्याने तिच्यातील सरसर व घूंघूं काढून टाकली आणि आजींच्या बोलण्याच्या ओळी खाली अक्षरांत दिल्या. चित्रफीत पाहावयास त्याने मला बोलाविले. मागचा आवाज पार नाहीसा झालेला होता. आजी बोलत होत्या, परंतु पाण्याखालून बोलावे तशा, आणि खाली ओळ उमटली, “आमचं घर लातूरला भरवस्तीत.” मुलाचे वडील शेजारीच बसले होते. ते म्हणाले, “सर, आई लातूरची नव्हती हो. ती सास्तूर म्हणते आहे.” मुलगा म्हणाला, “बाबा, मला तर लातूरच ऐकू येतं.” त्याचेही खोटे नव्हते. त्याने साफ केलेल्या आवाजात ‘सास्तूर’ या शब्दातील दोन्ही स नाहीसे झाले होते. जे उरले होते ते लातूरसारखेच लागत होते.

हे असे का झाले आणि ते काम नव्याने कसे केले, ते या लेखात क्रमाने सांगतो. पुष्कळ घरांत अशा कॅसेटी आहेत, म्हणून कृती आकड्यांसह दिली आहे. वापरलेला कार्यक्रम ऑडॅसिटी नावाचा असून तो विनामूल्य मिळतो. पडद्यावर जी इंग्रजी नावे दिसतात ती तशीच ठेवली आहेत.

दोन दोष, दोन उगम

प्रथम सरसर व घूंघूं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात घ्यावे. सरसर ही फितीतूनच येते. फितीवर लोहभस्माचे अतिसूक्ष्म कण चिकटविलेले असतात व आवाज त्या कणांच्या चुंबकत्वात साठविलेला असतो. कण सुटे सुटे असल्यामुळे त्यांच्या विस्कळीतपणाचा असा एक आवाज निघतो, तोच सरसर. कॅसेटची फीत सेकंदाला केवळ ४.७६ सेंटिमीटर सरकते आणि तिच्यावरील आवाजाचा पट्टा दीड मिलिमीटर वा त्याहूनही अरुंद असतो. त्यामुळे आवाजाच्या वाट्याला थोडे कण येतात आणि सरसर उठून दिसते. नभोवाणीच्या मोठ्या चकत्यांवरील फिती पाव इंच रुंद व कितीतरी वेगाने धावणाऱ्या असत. म्हणून त्या इतक्या सरसरत नसत. ही सरसर खालपासून वरपर्यंत सर्व स्वरांत पसरलेली असते, पण कानाला ती मुख्यतः वरच्या पट्टीत जाणवते.

घूंघूं हा विजेचा आवाज आहे. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. रोहित्राजवळ ठेवलेल्या तारेत किंवा यंत्राच्या डोक्यात हीच ५० आवर्तने शिरतात, आणि तिच्या पटीतील १००, १५०, २०० अशीही सोबत येतात. साध्या अडॅप्टरमध्ये विजेच्या लाटेच्या दोन्ही बाजू वापरल्या जात असल्याने १०० चा स्वर बहुधा सर्वांत जोरदार असतो. ट्यूबलाइटच्या जुन्या चोकची भणभणही १०० चीच. घूंघूं अशी मोजक्या आकड्यांवरच बसलेली असते. सरसर सर्वत्र पसरलेली व घूंघूं ठराविक जागी बसलेली, म्हणून दोहोंवरचा उपायही वेगळा करावा लागतो.

तीन शांतता

या कामात मुख्य गोष्ट कोणती असे विचाराल तर ती शांतता ओळखणे ही होय. कॅसेटमध्ये शांतता तीन प्रकारची सापडते, आणि प्रत्येक शांतता वेगळी बातमी सांगते.

पहिली शांतता यंत्र जोडलेले आहे पण फीत थांबलेली आहे, तेव्हाची. या वेळी जे ऐकू येते ते कॅसेटमध्ये नाहीच. ते आपल्या आजच्या जोडणीतील आहे. दुसरी शांतता फीत चालू आहे पण तिच्यावर काही मुद्रित नाही, अशी. उदाहरणार्थ सुरुवातीच्या पाच-सहा सेकंदांची पारदर्शक पट्टी, किंवा मुद्रण संपल्यानंतरचा कोरा भाग. तिसरी शांतता मुद्रण चालू आहे, पण बोलणारा क्षणभर थांबला आहे, अशी. या तिसऱ्या शांततेत फितीची सरसर, त्या वेळच्या यंत्राची घूंघूं, खोलीतील पंखा आणि बाहेरचा रस्ता हे सारे एकत्र असते, आणि बोलण्याच्या मागेही हेच मिश्रण असते.

आमच्या विद्यार्थ्याची पहिली चूक येथेच झाली होती. कार्यक्रमाला “काढावयाचा आवाज तो हा” म्हणून नमुना दाखवावा लागतो. त्याने कॅसेटच्या अगदी आरंभीचा तुकडा दाखविला; कारण तेथे बोलणे नव्हते. पण ती पारदर्शक पट्टी होती. तिच्यावर कणच नसतात, म्हणून तिच्यात फितीची सरसर नव्हती, १९९१ ची घूंघूं नव्हती व पंखाही नव्हता. असा अपुरा नमुना दिल्यामुळे थोड्या जोराने आवाज जाईना. म्हणून त्याने जोर २४ डेसिबलवर नेला, संवेदनशीलताही शेवटपर्यंत वाढविली आणि तीच क्रिया दोनदा केली. तेव्हा मागचा आवाज गेला खरा, पण त्याच्याबरोबर आजींचे स आणि शही गेले.

उतरविण्यापूर्वीची तयारी

नव्याने आरंभ करताना आम्ही मूळ कॅसेटपासूनच सुरुवात केली. प्रथम तिच्या मागच्या कडेचे दोन्ही बारीक प्लॅस्टिकचे तुकडे मोडले, म्हणजे चुकून लाल कळ दाबली गेली तरी जुन्यावर नवे मुद्रण होऊ नये. नंतर कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे व पुन्हा मागे फिरविली. वर्षानुवर्षे एकाच जागी दाबून बसलेली फीत त्यामुळे मोकळी होते. यंत्राचे डोके व रबरी रूळ कापसाच्या काडीने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसले. काडीवर तपकिरी डाग उमटतो तो फितीवरून झडलेल्या कणांचा होय. डोक्यावर हा थर असला की वरचे स्वर दबतात, आणि मग मनुष्य ते वाढविण्याच्या नादात सरसरही वाढवितो.

यानंतर डोक्याच्या तिरपेपणाकडे पाहिले. डोके फितीला अचूक काटकोनात नसेल तर वरचे स्वर नाहीसे होतात. आणि एका यंत्रावर मुद्रित केलेली फीत दुसऱ्या यंत्रावर मंद ऐकू येण्याचे हे नेहमीचे कारण आहे. डोक्याच्या बाजूस एक लहान स्क्रू असतो. त्याची मूळ जागा शाईने खुणावून ठेवावी, फीत चालू असतानाच तो अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, इकडे-तिकडे फिरवावा, आणि बोलणाऱ्याचा स जेथे सर्वांत स्वच्छ ऐकू येतो तेथे थांबावे. आम्ही हे केले तेव्हा कसलीही सफाई करण्यापूर्वीच ‘सास्तूर’ हा शब्द उघडपणे ऐकू आला. मुलाच्या वडिलांनी तो तुकडा तीन वेळा लावावयास सांगितला.

आवाज संगणकात घेताना तो मायक्रोफोनच्या भोकातून घेऊ नये. ते भोक अगदी दुबळ्या आवाजासाठी असते. कॅसेटयंत्राचा आवाज त्यात फाटतो, व फाटलेला आवाज नंतर कोणत्याही उपायाने सांधता येत नाही. पुष्कळ लॅपटॉपांना दुसरे भोक नसते. अशा वेळी लाइन-इन असलेली यूएसबीची लहान पेटी घ्यावी. आवाजाची पातळी अशी ठेवावी की मोठ्यात मोठे बोलणेसुद्धा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये. मुद्रण सेकंदाला ४८,००० नमुन्यांचे ठेवावे, कारण चित्रफितीत तेच चालते. आणि ते WAV रूपात जपावे. फीत सुरू करण्यापूर्वी यंत्र थांबलेले असताना दहा सेकंद मुद्रण चालू ठेवावे. तीच आपली पहिली शांतता.

आजची घूंघूं

ही दहा सेकंदे आम्ही कानाला यंत्र लावून ऐकली, तो घूंघूं चालूच होती. फीत थांबलेली असताना घूंघूं असेल तर तिला १९९१ साल जबाबदार नाही, हे उघड आहे. अशी घूंघूं कार्यक्रमाने काढू नये, मुळातच थांबवावी. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालविला, तेव्हा ती बरीच उतरली. दोन्ही उपकरणे भिंतीच्या वेगवेगळ्या ठिकाणी जोडलेली असली की त्यांच्या भूमीच्या तारांतून एक वळसा तयार होतो व त्यात घूंघूं शिरते, म्हणून सर्व एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले. शेवटी कॅसेटयंत्राचा अडॅप्टर काढून सेल घातले आणि पहिली शांतता खरोखरीच शांत झाली. पहिल्या प्रयत्नात ही आजची घूंघूं आजींच्या आवाजात मिसळून गेली होती आणि ती काढण्यासाठी आवाजाचा बळी दिला गेला होता.

१९९१ ची घूंघूं

आता तिसरी शांतता घेतली. आजी एके ठिकाणी पाणी प्यावयास थांबल्या आहेत. तेथे चार सेकंदांची जागा मिळाली. ती निवडून `Analyze` मधील `Plot Spectrum` उघडले व `Size` या ठिकाणी `65536` घेतले. इतका मोठा आकडा घेण्याचे कारण असे की त्यामुळे एका हर्ट्झहूनही कमी फरक ओळखता येतो. मात्र त्यासाठी निदान दीड सेकंदाची शांतता हवी. आलेखात टोके दिसली ती ४८.८, ९७.६, १४६.४ आणि १९५.२ या आकड्यांवर.

वाचक विचारतील, वीज ५० ची असता हे ४८.८ कोठून आले? याची कारणे दोन. एक, कॅसेटयंत्राचा वेग शेकडा एक-दोनने मागे-पुढे असणे नेहमीचेच आहे, आणि वेग चुकला की त्यावरील सर्व आवाज, घूंघूंसुद्धा, त्याच प्रमाणात चुकतो. दोन, त्या काळी विजेची आवर्तनेही ५० वर टिकून नसत. संध्याकाळी भार वाढला की ती ४९ च्याही खाली उतरत. दक्षिणेकडील विजेचे जाळे तेव्हा देशाच्या जाळ्यापासून वेगळे होते. रायचूर-सोलापूर वाहिनीने ते ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडले गेले. आता आवर्तने ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे. म्हणून आजच्या जोडणीतील घूंघूं ५० च्या अगदी जवळ दिसते आणि जुन्या फितीतील घूंघूं बहुधा दुसरीकडे. आकडा पाहूनही दोहोंचा भेद कळतो, तो असा.

येथे दोन चुका टाळाव्यात. इंग्रजीतील पुष्कळ पाठांत ६० हर्ट्झ काढावयास सांगतात. ती अमेरिकेतील वीज होय, आपल्या कामाची नव्हे. दुसरी चूक अशी की घूंघूं ५० वर येईपर्यंत फितीचा वेग वाढवावा असा मोह होतो. आमच्या विद्यार्थ्यालाही तो झाला. पण त्या दिवशी वीज नेमकी किती होती हे आपणास ठाऊक नाही. तेव्हा त्या घूंघूंला घड्याळ मानून आजींचा सूर बदलणे योग्य नव्हे. वेग तसाच ठेवला.

घूंघूं काढण्याची रीत अशी. स्त्रीच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण १८० ते २५० हर्ट्झच्या आसपास असतो. त्यामुळे ८० च्या खाली आजींचे काहीच नाही. तो सर्व भाग `High-Pass Filter` ने दाबला, त्यात ४८.८ चे टोक गेले. ९७.६ व १४६.४ यांच्यासाठी `Notch Filter` वापरले. हे त्या आकड्यापुरती एक अरुंद खाच पाडते. खाच किती अरुंद, ते `Q` या आकड्यावर ठरते : स्वराला `Q` ने भागले की खाचेची रुंदी मिळते. `Q` ३० घेतला तर १०० वरील खाच सुमारे ३.३ हर्ट्झ रुंद, म्हणजे ९८.३ पासून १०१.७ पर्यंत होते. आपले टोक ९७.६ वर आहे. म्हणजे न मोजता १०० वर खाच पाडली असती तर घूंघूं तिच्या बाहेरच राहिली असती. मुलाचे पहिले काम असेच फसले होते.

१९५.२ वरील टोक आम्ही तसेच ठेवले. ते आजींच्या आवाजाच्या ऐन मध्यावर आहे. तेथे खाच पाडली की काही शब्द पोकळ वाटू लागतात. ते टोक लहानही होते. तसेच फितीच्या सुरुवातीला, मध्यावर व शेवटी अशी तीनदा मोजणी करावी. आमच्या फितीत शेवटी तो आकडा ४९.१ झाला होता. तेथील पटी ९८.२ व १४७.३ येतात, म्हणून शेवटच्या आठ मिनिटांचा तुकडा वेगळा काढून त्यात खाचा त्या आकड्यांवर पाडल्या.

सरसर

घूंघूं गेल्यानंतरच सरसरकडे वळावे. पुन्हा तीच पाणी पिण्याची शांतता निवडली. `Noise Reduction` उघडून `Get Noise Profile` दाबले, म्हणजे कार्यक्रमाने नमुना घेतला. मग सर्व आवाज निवडून तीच खिडकी पुन्हा उघडली आणि आकडे भरले. हा कार्यक्रम काय करतो ते समजून घेतले की आकडे आपोआप उमगतात. तो आवाजाचे शेकडो बारीक पट्टे करतो. प्रत्येक पट्ट्यात, नमुन्यात जेवढा जोर होता त्याच्या आसपास किंवा खाली जे असेल त्याला सरसर समजून तो खाली दाबतो. त्याच्या वर जे असेल ते बोलणे समजून सोडून देतो.

आता स हा उच्चार कसा आहे ते पाहा. जीभ दातांजवळ नेऊन वारा सोडला की स होतो. त्याला सूर नाही; तोही एक सरसरच आहे, आणि तिचा मुख्य जोर सुमारे ४,००० ते ९,००० हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे जेथे फितीची सरसर कानाला खुपते तेथेच. श, फ, छ आणि ख यांच्यातील वाऱ्याचा भाग याच जातीचा. वृद्ध माणसाच्या तोंडचा स तर आणखी हलका असतो. कार्यक्रमाला हा स सरसरीपासून वेगळा ओळखता येत नाही. जोर वाढविला की तो दोघांनाही सारखेच दाबतो.

म्हणून जोर थोडा ठेवावा. सुमारे १० डेसिबल उतार पडला की कानाला आवाज निम्मा वाटतो. एवढ्याने बहुतेक काम भागते. आम्ही ८ वर थांबलो. सर्व आकडे एकत्र असे :

```
High-Pass Filter : Frequency 80, Roll-off 24 dB
Notch Filter     : Frequency 97.6,  Q 30
Notch Filter     : Frequency 146.4, Q 30
Noise Reduction  : 8 dB, Sensitivity 4, Frequency smoothing 6
```

हे आकडे आमच्या फितीचे आहेत. खाचांचे आकडे प्रत्येकाने आपल्या फितीवर मोजूनच घ्यावेत.

जास्त झाले हे कसे ओळखावे

पहिली कसोटी त्या खिडकीतच आहे. `Reduce` ऐवजी `Residue` निवडून `Preview` दाबले असता कार्यक्रम जे काढून टाकणार आहे तेवढेच ऐकू येते. त्यात नुसती सरसर असेल तर ठीक. त्यात बोलण्याची चाहूल लागत असेल, एखादा शब्द ओळखू येत असेल, तर आपण बोलणेच फेकून देत आहोत असे समजावे आणि जोर किंवा संवेदनशीलता कमी करावी. मुलाचे पहिले आकडे घालून आम्ही असे ऐकले, तेव्हा त्या टाकाऊ आवाजात स, श, स असे सारखे सुस्कारे ऐकू आले. मुलगा म्हणाला, “सर, आजीचे सगळे स इथे आहेत की!”

दुसरी खूण म्हणजे बोलण्याच्या कडेला होणारी बारीक किणकिण, जणू दूर कोठे काचेचे तुकडे हलत आहेत. काही पट्टे दबतात, काही सुटतात, त्याचा हा आवाज होय. ती ऐकू आली की `Frequency smoothing` थोडे वाढवावे. तरी न गेल्यास जोर उतरवावा.

तिसरी कसोटी शाळेतील श्रुतलेखनाची. आपण ज्या आवाजावर तासभर बसलो आहोत तो आपल्याला पाठ होतो. शब्द गाळला गेला असला तरी कान तो भरून घेतो. म्हणून ज्याने फीत ऐकलेली नाही अशा माणसाला ती लिहावयास द्यावी. आम्ही सास्तूर, ओसरी, शेजारी, फाटक, खांब, चौसोपी, शिवार आणि हौस असे आठ शब्द असलेली वाक्ये निवडली. मुलाने पहिल्यांदा साफ केलेल्या आवाजावरून त्याच्या चुलत बहिणीने तीन शब्द बरोबर लिहिले. दुसऱ्या एका शेजाऱ्यांना नवा आवाज दिला. त्यांचे आठही बरोबर आले. तिसऱ्या गृहस्थांना काहीच न काढलेला मूळ आवाज दिला, तर त्यांचे सात बरोबर आले. म्हणजे त्या फितीला हात न लावता ती तशीच दिली असती, तरीही पहिल्या सफाईपेक्षा श्रोत्यांना अधिक कळले असते.

चित्रफितीत घालताना

साफ केलेला आवाज पुन्हा WAV रूपातच, ४८,००० नमुन्यांचा काढून चित्रफितीच्या कार्यक्रमात घ्यावा. चित्रफितीच्या कार्यक्रमांत व फोनमध्ये आवाज आपोआप सुधारण्याची एक कळ पुष्कळदा आधीच चालू असते. ती बंद आहे ना, हे पाहावे. नाही तर आपण ८ वर थांबलो त्यावर ती आपल्या मनाने आणखी दाबते.

उरलेली थोडी सरसर खटकते ती एकाच वेळी : ती अचानक सुरू होते किंवा अचानक तुटते तेव्हा. चित्रात आजींचे बोलणे येण्यापूर्वी एक सेकंदभर तिसऱ्या शांततेचा तुकडा हळूहळू वर आणावा आणि बोलणे संपल्यावर तसाच हळूहळू उतरवावा. दोन वाक्यांमधील जागा कापली असेल तर तेथे कोरी शांतता ठेवू नये. तीच खोलीतील शांतता भरावी. मग कान त्या सरसरीला खोलीचाच भाग समजतो व तिच्याकडे लक्ष देत नाही.

शेवटी चित्रफीत दोन ठिकाणी ऐकावी. फोनच्या लहान ध्वनिक्षेपकातून ५० किंवा १०० चा स्वर निघतच नाही. म्हणून घूंघूं गेली की नाही हे कानावरच्या यंत्रातून किंवा सभागृहाच्या मोठ्या ध्वनिक्षेपकावर तपासावे. सरसर मात्र फोनवर अधिक बोचते. ती तेथे पाहावी.

काही दोष या रीतीने जात नाहीत. मूळ मुद्रणातच आवाज फाटलेला असेल, फीत सुरकुतल्यामुळे आवाज मध्येच बुडत असेल, किंवा बोलण्याच्या वेळी दुसरे कोणी बोलत असेल, तर सरसरीचा उपाय तेथे चालत नाही. आमच्या फितीत एके ठिकाणी स्वयंपाकघरातून कुकरची शिटी आली आहे व तिच्याखाली आजींचे एक वाक्य दबले आहे. मुलाने ते काढण्याचा प्रयत्न केला. शिटी गेली नाही, वाक्य मात्र आणखी अस्पष्ट झाले. तेव्हा वडिलांनी आठवणीवरून ते वाक्य सांगितले व आम्ही ते खाली अक्षरांत दिले.

त्या घरी आता तीन नोंदी ठेवल्या आहेत : कॅसेटवरून उतरविलेला, काहीही न काढलेला आवाज, साफ केलेला आवाज, आणि एका कागदावर वरील सर्व आकडे, कोणत्या यंत्रावर व कोणत्या तारखेस काम केले त्यासह. पहिली नोंद दोन वेगवेगळ्या डिस्कांवर आहे, आणि कॅसेट तिच्या पेटीत उभी ठेवून कपाटात. पुढे कोणाला याहून चांगली रीत सापडली तर त्याने न काढलेल्या आवाजावरून पुन्हा आरंभ करावा, साफ केलेल्यावरून नव्हे. चित्रफितीतील ओळ मुलाने त्याच संध्याकाळी बदलली. आता तेथे “आमचं घर सास्तूरला भरवस्तीत” असे आहे, आणि मागे थोडी सरसर आहे.